‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल’ऐवजी काय लिहायचं? ईमेलच्या पहिल्या ओळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं परचेसला होते. दिवसभर लोकांचे मेल वाचायचे, हीच नोकरी. आता दर शनिवारी सदाशिव पेठेत छोट्या उद्योजकांसाठी आणि त्यांच्या ऑफिसातल्या मंडळींसाठी पत्रव्यवहाराचा वर्ग घेते. तिथे मेलच्या पहिल्या ओळीवरून जेवढी वादावादी होते तेवढी दुसऱ्या कशावरूनही होत नाही. त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

‘होप धिस मेल फाइंड्स यू वेल’ यात वाईट काय आहे? सभ्यच तर वाक्य आहे.

सभ्य आहे, मान्य. वाक्याशी माझं काही भांडण नाही, भांडण आहे ते त्याच्या जागेशी.

सकाळी सातची कंपनीची बस, कोथरूडहून चाकणला निघालेली. खिडकीशी बसून मी फोनवर मेल बघायचे. उघडायचे नाही, नुसते बघायचे. पडद्यावर प्रत्येक मेलचे तीन तुकडे दिसतात: ठळक अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली विषय, आणि त्याखाली फिकट अक्षरांत मजकुराची सुरुवात. मराठीत तिथे जेमतेम सहा-सात शब्द मावतात. नाशिक फाटा येईपर्यंत ठरलेलं असायचं की कुठला मेल आत्ता उघडायचा, कुठला जेवणानंतर आणि कुठला राहिला तरी चालेल. त्या फिकट ओळीत एका खाली एक ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, ग्रीटिंग्ज ऑफ द…’, ‘डिअर मॅडम, होप धिस मेल फाइंड्स…’ अशी रांग लागलेली असे. त्यात एकाचा माल अडकलेला असायचा, एकाला ड्रॉइंगमध्ये चूक सापडलेली असायची आणि एकाला फक्त दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या असायच्या. बाहेरून तिघे सारखेच दिसायचे.

म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेली सहा-सात शब्दांची जागा तुम्ही अशा वाक्याला देता, जे कुणालाही पाठवलं तरी चालतं. पारख करायची तर हीच करा: ही ओळ तशीच्या तशी दुसऱ्या माणसाला पाठवता येईल का? येत असेल तर ती ओळ या माणसासाठी लिहिलेली नाही.

पण क्षेमकुशल विचारून सुरुवात करायची आपल्याकडे जुनी रीतच आहे ना? ‘इकडील सर्व क्षेम’?

हा प्रश्न पुण्यात हमखास येतो आणि तो विचारणाऱ्याचा मला आदर वाटतो, कारण त्यातच उत्तर दडलेलं आहे.

रीत आपलीच नाही, फार लांबवरची आहे. रोमन लोक पत्राची सुरुवात ‘तू कुशल असलास तर उत्तम, मी कुशल आहे’ अशी करत, आणि ते इतकं ठरून गेलेलं होतं की लॅटिनमध्ये नुसती सहा आद्याक्षरं लिहून भागायचं. सेनेकाने आपल्या एका पत्रात या जुन्या चालीचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे पेशवाईतली पत्रं पाहा. ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असले पाहिजे. विशेष.’ आणि मग मजकूर. आपणही पुढे आद्याक्षरांवर आलो: स. न. वि. वि., म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, ‘येथील कुशल’ ही खरीखुरी बातमी होती. पत्र पोचायला कित्येक दिवस लागत, मोहिमेवरचा माणूस जिवंत आहे एवढं कळलं तरी घरात दिवा लागायचा. आजचा ‘होप’वाला स्वतःबद्दल काहीच सांगत नाही आणि समोरच्याच्या उत्तराची वाटही बघत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो ‘विशेष’ शब्द. मजकूर इथून सुरू, अशी ती खूण आहे. कागद पूर्ण उलगडून समोर धरलेला असतो, डोळा सगळा मायना ओलांडून थेट ‘विशेष’वर जातो. फोनमधल्या फिकट ओळीला असं ओलांडता येत नाही. ती पहिल्या शब्दापासून मोजते आणि जागा संपली की तोडते. तुमचा ‘विशेष’ तिसऱ्या वाक्यात असेल तर तो बाहेर दिसतच नाही.

तेव्हा रीत मोडायला मी सांगत नाही. त्याच रीतीतला दुसरा तुकडा उचला: ‘पत्रास कारण की’.

मग लिहायचं काय? नेमकं सांगा.

वर्गात मी हेच करून घेते. कागदावर ‘पत्रास कारण की’ एवढं लिहायचं, पुढचं वाक्य पुरं करायचं, आणि मग ‘पत्रास कारण की’ खोडून टाकायचं. उरतं ती तुमची पहिली ओळ. अर्थात पहिल्या झटक्यात ती बरी उतरत नाही. एक उदाहरण सावकाश बघू.

भोसरीत शीटमेटलचं वर्कशॉप असलेले एक काका वर्गाला यायचे. त्यांनी एका मोठ्या कंपनीला ब्रॅकेटचं कोटेशन दिलं होतं, दोन आठवडे झाले तरी हूं की चूं नाही. त्यांनी पाठवलेला स्मरणाचा मेल असा होता. विषय: ‘कोटेशन’. मजकूर:

> रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे! होप धिस मेल फाइंड्स यू इन द बेस्ट ऑफ हेल्थ. विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह, वुई हॅव ऑलरेडी सबमिटेड अवर कोटेशन. काइंडली डू द नीडफुल.

मी विचारलं, “काका, मेल नसता आणि फोन लावला असतात तर काय बोलला असतात?” ते लगेच म्हणाले, “साहेब, पत्र्याचा भाव चढतोय, महिनाअखेर ऑर्डर दिलीत तर जुन्या दरात देतो.” झालं की! दोन आठवड्यांचं काम एका वाक्यात बसलं होतं, फक्त ते मेलमध्ये नव्हतं.

मग त्यांनी लिहिलं:

> पत्रास कारण की, आम्ही १२ जून रोजी आपणास दिलेल्या ४०० ब्रॅकेटच्या कोटेशनमधील दर पत्र्याचे भाव वाढत असल्यामुळे ३० जूननंतर आम्हाला धरून ठेवता येणार नाही.

मजकूर बरोबर आहे, पण ‘पत्रास कारण की’ काढून फोनवर काय दिसेल ते बघा: ‘आम्ही १२ जून रोजी आपणास दिलेल्या…’ आणि तुटलं. इथे मराठीची एक अडचण आहे, ती ओळखून राहावं लागतं. आपलं क्रियापद शेवटी येतं. वाक्य जितकं लांब तितका त्याचा जीव मागे सरकतो, आणि ‘येणार’ की ‘येणार नाही’ हे तर अगदी शेवटच्या शब्दावर कळतं. इंग्रजीत ‘वुई कॅनॉट होल्ड’ सुरुवातीलाच येऊन जातं. मराठीत पहिलं वाक्य लांबवलं तर फिकट ओळीत नुसती विशेषणं उरतात. उपाय साधा आहे. पहिलं वाक्य तोकडं ठेवायचं, आणि वस्तू, आकडा, तारीख यांतलं जे महत्त्वाचं ते पुढे आणायचं.

शेवटी गेलेला मेल असा. विषय: ‘ब्रॅकेट ४०० नग, कोटेशन १२ जून’. मजकूर:

> नमस्कार सर,
> ४०० ब्रॅकेटचा दर ३० जूनपर्यंतच आहे. त्याआधी पीओ आला तर कोटेशनप्रमाणेच देतो. नंतर पत्र्याच्या नव्या भावाने दर बदलेल. ड्रॉइंगमध्ये काही बदल असेल तर तेही आत्ताच कळवलंत तर बरं होईल.

यात काही चकचकीत नाही. ताजी ओळ म्हणजे चटकदार ओळ असा एक गैरसमज आहे, तो इथेच सोडून द्या. ही ओळ ताजी आहे कारण ती त्या आठवड्यात, त्या माणसालाच लिहिता आली असती.

उत्तर काय आलं? ऑर्डर नाही आली लगेच. “दर ५ जुलैपर्यंत धराल का?” असं एका ओळीचं उत्तर आलं, तेही त्याच दिवशी. परचेसवाल्याने घासाघीस सुरू केली म्हणजे त्याने मेल वाचला आहे, असं मी काकांना सांगितलं. पुढचं त्यांना चांगलं येत होतं.

असं थेट लिहिलं तर उद्धट वाटणार नाही का? आधीच पुणेकरांची ख्याती…

पाटीत आणि मेलमध्ये फरक आहे. पाटी कुणा एकाला उद्देशून नसते. मेल एका माणसाला असतो, त्यामुळे त्यात आदर दाखवायला भरपूर जागा असतात आणि पहिलं वाक्य ही त्यातली सगळ्यात कमकुवत जागा आहे.

एक जागा संबोधनाची. ‘नमस्कार जोशी सर,’ यात अर्धं काम होतं; नाव बरोबर लिहिलं असेल तर पाऊण. पण हेही लक्षात ठेवा की संबोधन त्या फिकट ओळीत मोजलं जातं. ‘माननीय महोदय, सविनय सादर प्रणाम’ लिहिलंत तर जागा तिथेच संपली.

दुसरी, आणि खरी, जागा क्रियापदाची. ‘ड्रॉइंग पाठवा’, ‘ड्रॉइंग पाठवावे’, ‘ड्रॉइंग पाठवाल का’, ‘आजच्या आज ड्रॉइंग मिळू शकेल का’ या चार वाक्यांत आदराच्या चार पायऱ्या आहेत. गंमत म्हणजे ‘पाठवावे’ दिसायला औपचारिक, पण कानाला हुकूम वाटतो. ज्याच्याशी रोजचा संबंध आहे त्याला ‘पाठवाल का’ पुरतं. मोठ्या पदावरच्या माणसाला ‘मिळू शकेल का’. हे सांभाळलं की पहिल्या ओळीत कितीही थेट बोललात तरी कुणी दुखावत नाही. उलट ‘होप यू आर डुइंग वेल’ लिहून पुढे ‘सेंड बाय ईओडी’ लिहिणारे मी शेकड्याने पाहिले आहेत.

मराठीत मेल लिहिताना त्या वाक्याचं काय करायचं? ‘हा ईमेल आपणास सुस्थितीत सापडेल अशी आशा’?

कृपया नको. मेल सुस्थितीत सापडायला तो हरवलेला छत्रीचा दांडा आहे का? हे भाषांतर मी अलीकडे वारंवार बघते, आणि ते वाचून माणूस पुढचा मजकूरही संशयाने वाचतो. मराठीत लिहायचंच असेल तर ‘आपण कुशल असाल ही आशा’ एवढं बरं. तेही शेवटी.

तब्येत विचारायचीच नाही का कधी?

विचारायची, पण ठाऊक असेल तेव्हा. ‘गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही सोमवारपासून यायला लागलात असं ऐकलं. जिने चढता येतायत का?’ ही ओळ कुणीही आनंदाने वाचेल. तिला एकच पथ्य आहे: त्याच श्वासात काम सांगायचं नाही. काम दुसऱ्या परिच्छेदात, नाहीतर दुसऱ्या मेलमध्ये. नाहीतर गुडघा हा नुसता बहाणा होता हे कळतं.

न ठाऊक असताना विचारण्याचा चटका मला स्वतःला बसलेला आहे. परचेसला असताना वर्षाखेरीस सगळ्या पुरवठादारांना मी एकच मेल पाठवायचे, ‘होप यू अँड युअर फॅमिली आर डुइंग वेल’ अशी सुरुवात. एका वर्षी त्यातल्या एकाचे वडील आदल्या आठवड्यात गेले होते. मला ते माहीतही होतं, मी फोन करून भेटूनही आले होते. मेल मात्र यादीने गेला. त्याने उत्तरात फक्त मागितलेले कागद पाठवले, वर काही लिहिलं नाही. मला मेलेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून यादीने जाणाऱ्या मेलमध्ये मी कुणाच्या घरच्यांची चौकशी करत नाही. तिथे थेट ‘३१ मार्चपूर्वी बॅलन्स कन्फर्मेशन हवं आहे’ हेच जास्त माणुसकीचं ठरतं.

हवापाणी, ट्रॅफिक, सण? त्याने सुरुवात केली तर?

फोनवर छान, मेलमध्ये बहुतेक वेळा पाणचट. अपवाद असा की त्या गोष्टीने कामावर परिणाम होत असेल तर. ‘पालखी मुक्कामाला आहे, दोन दिवस गाडी शहरातून काढता येणार नाही’ ही पुण्यातल्या पुरवठादाराची उत्तम पहिली ओळ आहे. तिच्यात गाव आहे, काळ आहे आणि कामही आहे. ‘पुण्यात मस्त पाऊस पडतोय, तुमच्याकडे कसं?’ यात फक्त पाऊस आहे.

अनोळखी माणसाला पहिल्यांदाच लिहायचं आहे. तिथे तरी काही प्रस्तावना लागेलच ना?

प्रस्तावना नाही, धागा लागतो. मी तुमच्यापर्यंत कसा पोचलो, एवढंच त्याला आधी कळायला हवं. कुणी नाव सुचवलं असेल तर ते नाव हीच पहिली ओळ, फक्त त्या माणसाला विचारून मगच लिहा. मी एकदा असं नाव वाचून त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “कोण हा?” विषय तिथेच मिटला.

नाव नसेल तर तुम्ही काय पाहिलं ते लिहा, पण जे पाहिलं त्याचा तुमच्या मागणीशी संबंध हवा. ‘तुमच्या कंपनीची प्रगती पाहून भारावून गेलो’ हे ‘होप’चंच धाकटं भावंड आहे. त्याऐवजी पॅकिंगचा माल पुरवणाऱ्या एका ताईंनी लिहिलेली ही सुरुवात पाहा: ‘तुमच्या गेटवर परवा माल उतरवताना खोक्यांचे तळ सुटलेले पाहिले.’ त्या दुसऱ्याच कुणाचा माल घेऊन आल्या होत्या आणि रांगेत उभ्या होत्या. पुढच्या वाक्यात त्यांनी पाच प्लायऐवजी सात प्लायचं खोकं सुचवलं आणि दोन नमुने पाठवू का असं विचारलं. मी असते तर त्यांना त्याच दिवशी बोलावलं असतं. अर्थात असं लिहिताना समोरच्याची चूक दाखवल्यासारखं होऊ शकतं. म्हणून मेल त्या एकाच माणसाला पाठवायचा, त्याच्या साहेबाला सीसीत ठेवून नाही.

नोकरी किंवा इंटर्नशिपसाठी लिहिणाऱ्या मुलांनी तर फारच कमी शब्दांत उरकावं. ‘मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, जानेवारीपासून सहा महिने इंटर्नशिप करू शकेन.’ एचआरला याचंच उत्तर हवं असतं. तुम्ही लहानपणापासून जिज्ञासू आहात हे त्यांना नंतर कळलं तरी चालेल.

‘जेंटल रिमाइंडर’ आणि ‘जस्ट फॉलोइंग अप’ला पर्याय काय? पैसे अडकले आहेत.

इथे जरा बसून बोलू, कारण वर्गातले निम्मे लोक याच कारणासाठी आलेले असतात.

‘जेंटल रिमाइंडर’ वाचणाऱ्याला फक्त एवढंच सांगतं की तुम्ही वैतागला आहात आणि ते लपवता आहात. त्याने करायचं काय, हे त्यात नाही. पैसे अडकतात तेव्हा बहुतेकदा कुणी मुद्दाम अडकवलेले नसतात. आतल्या साखळीत कुठेतरी एक कडी तुटलेली असते. माल आला, पण स्टोअरने जीआरएन केला नाही. माल मिळाल्याची ती नोंद झाल्याशिवाय अकाउंट्स बिलाला हात लावत नाही. किंवा जीआरएन झाला, पण क्वालिटीने लॉट अडवून ठेवला. किंवा बिलावर पीओ नंबर चुकलाय, त्यामुळे ते कुणाच्या तरी ट्रेमध्ये ‘बघू नंतर’ म्हणून पडलंय. तुमच्या पहिल्या ओळीने त्या कडीवर बोट ठेवायला हवं.

> बिल क्र. २१४, १८ मार्च, ६८,४४० रुपये: याचा जीआरएन झाला आहे का?

(५८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. रक्कम लिहिताना कर धरून लिहा; अकाउंट्स त्याच आकड्याने शोधतं.) या ओळीला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येतं, आणि दोन्ही उत्तरांनी तुम्ही एक पाऊल पुढे जाता. ‘नाही’ आलं तर स्टोअरला डिलिव्हरी चलनाची सही असलेली प्रत पाठवायची. ‘हो’ आलं तर पुढचा मेल परचेसला नाही, अकाउंट्सला, आणि त्याची पहिली ओळ ‘बिल २१४ चा जीआरएन झाला आहे, पेमेंटची तारीख कळेल का?’ अशी.

दुसऱ्यांदा लिहिताना तीच ओळ पुन्हा पाठवू नका. दर वेळी एखादी नवी गोष्ट हवी: सहीचं चलन जोडलं आहे, किंवा स्टोअरशी बोललो, किंवा पुढचा लॉट मंगळवारी निघतोय. नवं काहीच नसेल तर मेल न लिहिता फोन उचला.

आणि कायदा? सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याची तरतूद २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे. ती जरूर सांगा, पण पहिल्या मेलच्या पहिल्या ओळीत नाही. कायद्याचा उल्लेख आला की परचेसवाला मेल साहेबांकडे ढकलतो, साहेब लीगलकडे, आणि जे काम स्टोअरच्या एका एन्ट्रीने झालं असतं ते महिनाभर लांबतं. बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला असू द्या. तो गप्प राहून काम करतो.

वाईट बातमी द्यायची असेल तर तरी थोडी प्रस्तावना?

सगळ्यात कमी प्रस्तावना तिथेच. ‘उद्या माल येणार नाही. शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत गेटवर असेल.’ कारण, दिलगिरी, सगळं त्यानंतर. लाइन बंद पडायची वेळ आलेली असताना ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म’ वाचत बसलेली मी अजून विसरलेले नाही.

चालू असलेल्या मेलच्या साखळीत दर वेळी सुरुवात लागते का?

नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हीच सुरुवात. दिवसातून तिसऱ्यांदा ‘डिअर सर, ग्रीटिंग्ज’ लिहिणं म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेर येताना दर वेळी नमस्कार करण्यासारखं आहे.

सरकारी कार्यालयात, महापालिकेत पाठवताना?

तिथे यातलं काहीही करू नका. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून…’ हेच योग्य. तो अर्ज आवक-जावक नोंदवहीत जातो, मग फाइलला लागतो, आणि लावणारा माणूस ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी शोधत असतो. त्याच्या डोळ्याला सवय आहे ती जागा बदललीत तर तुमचंच पत्र मागे पडेल. शिळेपणाची तिथे सोय आहे. सगळी ताकद विषयाच्या ओळीत घाला: मिळकत क्रमांक, अर्जाची तारीख, काय हवं.

माझी ओळ समोरच्याला कशी दिसते हे कसं कळणार?

स्वतःलाच मेल पाठवा आणि फोन लॉक असताना नोटिफिकेशन बघा. मग इनबॉक्सच्या यादीत बघा. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये विषयानंतर छोटी रेघ आणि पुढे मजकूर असं एकाच ओळीत येतं, तेव्हा विषय लांब असेल तर पहिल्या ओळीची जागा तोच खातो. आयफोनच्या मेल ॲपमध्ये सेटिंग बदललेलं नसेल तर मजकुराच्या दोन ओळी दिसतात, म्हणजे जरा ऐसपैस. आउटलुकमध्ये प्रत्येकाने वेगळं ठेवलेलं असू शकतं, काहींनी तर ती ओळ बंदच केलेली असते.

दोन घोटाळे तपासून घ्या. एक, लेटरहेडचं चित्र आणि पत्ता मेलच्या वर चिकटवलेला असेल तर फिकट ओळीत तुमचा भोसरीचा प्लॉट नंबर येतो, मजकूर नाही. पत्ता खाली सहीपाशी न्या. दुसरा घोटाळा तुमच्या हातात नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘हा मेल बाहेरून आला आहे, लिंक उघडताना सावध’ अशी इंग्रजी पट्टी आपोआप लागते. मग यादीत दिसते ती पट्टी, तुमची ओळ नव्हे. समोरच्याच्या उत्तरात खाली तुमचा मेल जोडलेला येतो, त्यात ती पट्टी दिसली की समजा. अशा कंपनीला लिहिताना जे पहिल्या ओळीत सांगायचं ते विषयातच सांगा: ‘ब्रॅकेट ४०० नग: दर ३० जूनपर्यंतच’.

सगळं पटलं, पण आमचे साहेब म्हणतात, ते वाक्य पाहिजेच.

मग ते काढू नका, हलवा. आपल्या पत्रांत जिव्हाळ्याची जागा शेवटी होतीच: ‘कळावे, लोभ असावा’. सहीच्या वर ‘आपण व घरचे सर्व कुशल असाल ही आशा’ लिहा. तिथे ते कुणाच्या वाटेत येत नाही, आणि सगळं काम सांगून झाल्यावर आलेलं असल्यामुळे उलट खरं वाटतं. पिंपरीच्या एका ऑफिसातल्या मुलीने असं केलं. साहेब मेल पाठवण्याआधी वाचायचे. पहिल्या दिवशी त्यांनी ओळ शोधली, खाली सापडली, “बरं, आहे ना,” म्हणाले आणि पाठवायला सांगितलं.